परदेशी फीवर बँकेनं घेतलेला टीसीएस: काउंटरपासून रिफंडपर्यंत

बँकेला बारा लाख रुपये फी पाठवायला सांगितली आणि खात्यातून बारा लाख चार हजार गेले, तर ते वरचे चार हजार बँकेचा चार्ज नव्हे. तो टीसीएस आहे. बँकेनं तो तुमच्याकडून घेऊन तुमच्या पॅनवर सरकारजमा केलेला असतो. फीवर लागलेला हा वेगळा कर नाही. वर्षाअखेरी तुमचा आयकर जितका निघेल त्यातून ही रक्कम वजा होते आणि कर कमी निघाला तर उरलेली परत मिळते. बँकेचं कमिशन, स्विफ्टचा चार्ज आणि चलन बदलावरचा जीएसटी मात्र गेला तो गेला. म्हणून बँकेच्या पावतीवर या सगळ्या ओळी वेगवेगळ्या वाचा आणि टीसीएसची ओळ बाजूला लिहून ठेवा.

पैसे परत मिळणार आहेत म्हणून गाफील राहू नका. टीसीएस किती जाईल, कोणाच्या नावावर जाईल आणि किती महिने अडकून पडेल हे सगळं पैसे पाठवण्याआधीच्या चारपाच निर्णयांवर ठरतं. रिटर्नच्या वेळी उरतं ते फक्त जुळवाजुळवीचं काम. त्यामुळे या लेखात काउंटरवरच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी दर समजून घ्या

भारतात राहणारी कोणतीही व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे सगळे जिला एलआरएस म्हणतात तिच्याखाली, एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते. फी, हॉस्टेलचं भाडं, सहलीसाठी घेतलेलं चलन, फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे, नातेवाइकाला दिलेली भेट हे सगळं यातच मोडतं. या पैशांवर टीसीएस १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाला आणि त्यानंतर दर व मर्यादा इतक्या वेळा बदलल्या की इंटरनेटवर सापडणारी निम्मी माहिती शिळी असते. सात लाखांची मर्यादा कुठे वाचलीत तर तो लेख जुना आहे असं समजा.

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० लाख आहे. एका आर्थिक वर्षात तुमच्या पॅनवर पहिले १० लाख रुपये पाठवेपर्यंत टीसीएस लागत नाही. त्यावरच्या रकमेवर शिक्षण किंवा वैद्यकीय उपचार हे कारण असेल तर २०२५-२६ मध्ये ५ टक्के होता. १ एप्रिल २०२६ पासून तो २ टक्के झाला. बाकी बहुतेक कारणांसाठी २० टक्के होता आणि आजही २० टक्केच आहे. बँकेकडून किंवा अधिसूचित वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून फी जात असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस शून्य आहे.

भारतातल्या टूर कंपनीकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर त्याचा हिशेब वेगळा. २०२५-२६ मध्ये पहिल्या १० लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. १ एप्रिल २०२६ पासून पहिल्या रुपयापासून सरळ २ टक्के आहे.

सध्या दोन्ही वर्षांचे दर माहीत असावे लागतात. ३१ मार्च २०२६ पर्यंत पाठवलेल्या पैशांचा टीसीएस जुन्या दरानं गेला आणि तो २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये मागायचा. त्यानंतरचा नव्या दरानं जातो, आणि तो २०२६-२७ चा.

पायरी १: कोणाच्या पॅनवर पाठवायचे ते ठरवा

टीसीएसचं क्रेडिट, म्हणजे तो आपल्या आयकरातून वजा करून घ्यायचा हक्क, पॅनला चिकटतं. फी मुलीची असली तरी पैसे वडिलांच्या खात्यातून त्यांच्या पॅनवर गेले असतील, तर टीसीएस वडिलांचा. मुलीला तो तिच्या रिटर्नमध्ये मागता येत नाही. उलट मुलीच्या स्वतःच्या खात्यातून तिच्या पॅनवर गेले, तर वडिलांना कितीही कर लागत असला तरी त्यांना त्याचा उपयोग नाही. अपवाद एकच आहे: पैसे अज्ञान मुलाच्या पॅनवर गेले असतील आणि त्या मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्यांच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यांना १ जानेवारी २०२५ नंतरच्या टीसीएसचं क्रेडिट घेता येतं. कॉलेजला जाणारी मुलं बहुतेक अठरा ओलांडलेली असल्यामुळे हा अपवाद फारसा कामी येत नाही.

दहा लाखांची मर्यादाही पॅनमागे आहे. बँकेमागे नाही. तीन बँकांतून चार-चार लाख पाठवून मर्यादा चुकवता येत नाही, कारण प्रत्येक बँक तुमच्याकडून लिहून घेते की या वर्षी आधी किती आणि कुठून पाठवले. पण आईचा पॅन वेगळा आणि वडिलांचा वेगळा. दोघांची खाती आणि दोघांचे पैसे असतील, तर दोघांनी मिळून वर्षाला २० लाखांपर्यंत टीसीएसशिवाय पाठवणं पूर्णपणे नियमात बसतं. वर्ष एप्रिलला बदलतं हेही लक्षात घ्या. फीचा एक हप्ता मार्चमध्ये आणि एक एप्रिलमध्ये भरता येत असेल, तर दोन वर्षांच्या दोन मर्यादा वापरता येतात.

विद्यार्थी एकदा शिकायला परदेशी गेला की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीनं तो अनिवासी धरला जातो. एलआरएस निवासी व्यक्तीसाठी आहे. म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावावर या योजनेखाली पाठवायची मुभा तो इथे असेपर्यंतच. त्यानंतरचे हप्ते आईवडिलांनाच पाठवावे लागतात, हे गृहीत धरून पहिल्याच वर्षी नियोजन करा.

माझं मत विचाराल तर ज्याच्या पगारातून किंवा पेन्शनमधून दर महिन्याला टीडीएस जातो, त्याच्या पॅनवर १० लाखांपुढची रक्कम टाकावी. त्याला टीसीएस लगेच वळता करून घेता येतो (तो कसा, ते पुढे येईल). ज्याचं उत्पन्न करपात्र नाही त्याच्या पॅनवर फक्त मर्यादेतली रक्कम पाठवा, म्हणजे त्याला रिफंडसाठी रिटर्न भरत बसावं लागणार नाही.

पायरी २: कारणाचा कोड

पैसे पाठवताना बँक फॉर्म A2 भरून घेते. त्यात कारणाचा कोड असतो आणि टीसीएसचा दर त्या कोडावर ठरतो. इथे होणारी चूक सगळ्यात महाग पडते.

परदेशी जाऊन शिकणाऱ्याची फी, हॉस्टेल वगैरे खर्चासाठी `S0305` कोड आहे. इथे बसून परदेशी संस्थेचा दूरस्थ अभ्यासक्रम करणाऱ्यासाठी `S1107`. कुटुंबाच्या चरितार्थासाठी पैसे पाठवण्याचा कोड `S1301` आणि सहलीसाठी `S0306`.

गडबड होते ती दरमहाच्या खर्चाच्या पैशांत. फी पाठवताना सगळे शिक्षणाचाच कोड लावतात, कारण हातात विद्यापीठाचं बिल असतं. मग दोन महिन्यांनी मुलाच्या खोलीचं भाडं आणि जेवणखाण यांसाठी त्याच्या तिथल्या खात्यात पैसे पाठवायचे असतात. काउंटरवर कोणी विचारतं, ‘कशासाठी?’ तुम्ही सांगता, ‘मुलाच्या खर्चासाठी.’ समोरचा `S1301` टाकून मोकळा होतो. ऑनलाइन पाठवताना तर यादीत ‘Family maintenance’ हा पर्याय समोरच दिसतो आणि तो बरोबरही वाटतो. झालं, २ टक्क्यांच्या जागी २० टक्के. पूर्वी हा फरक चौपट होता, नव्या दरांनी तो दहापट झाला.

आयकर खात्यानं ३० जून २०२३ च्या परिपत्रकात (क्रमांक १०) याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेत संस्थेला द्यायची फी येते, शिकणाऱ्याच्या भारत ते परदेश जाण्यायेण्याचं तिकीट येतं आणि शिक्षण घेण्यासाठी लागणारा रोजचा इतर खर्चही येतो. म्हणजे भाडं आणि किराणा दोन्ही शिक्षणातच. बँकेत वाद झाला तर या परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख सांगा.

सोबत कागद न्या: प्रवेशपत्र (अमेरिकेसाठी I-20, ब्रिटनसाठी CAS), फीचं बिल, विद्यार्थ्याच्या पासपोर्ट व व्हिसाची प्रत, आणि भाड्यासाठी पाठवत असाल तर भाडेकरार किंवा हॉस्टेलचं पत्र. प्रवेशपत्राची प्रत पहिल्या वेळी दिली म्हणून दुसऱ्या वेळी बँकेकडे असेलच असं धरून चालू नका.

कर्जाबाबतही असंच. शून्य दर हवा असेल तर मंजुरीपत्रावर शैक्षणिक कर्ज असं असायला हवं आणि ते बँकेचं किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचं हवं. पतसंस्थेतून काढलेलं कर्ज यात बसत नाही. कर्जाबरोबर तुम्ही स्वतःच्या खिशातून घातलेली रक्कमही कर्ज धरली जात नाही. तिला शिक्षणाचा नेहमीचा दर.

पायरी ३: क्रम

१० लाखांची मर्यादा एकच आणि सगळ्या कारणांना मिळून आहे. शिक्षणाला १० आणि सहलीला वेगळे १० असं नाही. आधी ज्या कारणासाठी पाठवाल ते मर्यादा खाऊन टाकतं आणि नंतरच्या कारणाला त्याचा दर लागतो.

समजा वडिलांना या वर्षी फीचे १० लाख पाठवायचे आहेत, आणि मुलीला भेटायला जाताना दोघांसाठी फॉरेक्स कार्डात ३ लाख भरायचे आहेत. आधी फी पाठवली तर मर्यादा संपली, मग कार्डाच्या ३ लाखांवर २० टक्के म्हणजे ६०,००० रुपये अडकले. आधी कार्ड भरलं तर त्यावर काही नाही. फीतले ७ लाख मर्यादेत गेले आणि उरलेल्या ३ लाखांवर २ टक्के म्हणजे ६,००० रुपये. पैसे तेच, वर्ष तेच. शिवाय कार्ड आईच्या पॅनवर काढलं असतं तर दोन्हीकडे शून्य.

फी भरायची तारीख तुमच्या हातात नसते, हे खरं. पण सहलीचं चलन कोण घेणार हे हातात असतं.

टूर कंपनीकडून घेतलेलं पॅकेज या १० लाखांत धरलं जात नाही, त्याचा हिशेब स्वतंत्र. पॅकेज कशाला म्हणायचं? परदेशी जाण्याचं तिकीट, हॉटेल आणि तशाच स्वरूपाचा इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तर. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज नाही. पॅकेजच्या वेळी पॅन टूर कंपनी मागते आणि घरात ज्याचा पटकन सापडेल त्याचा दिला जातो, अनेकदा आजोबांचा. पैसे जो भरतोय आणि रिटर्न जो भरतो त्याचाच पॅन द्या. बिल एकाच्या नावावर, पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आणि पॅन तिसऱ्याचा, अशी खिचडी झाली की क्रेडिट मागताना प्रत्येक टप्प्यावर खुलासे करावे लागतात.

परदेशात असताना क्रेडिट कार्डानं केलेला खर्च सध्या एलआरएसमध्ये धरला जात नाही. २०२३ मध्ये तो धरण्याचा निर्णय झाला होता, तो सरकारनं २८ जून २०२३ ला लांबणीवर टाकला. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड मात्र धरले जातात.

पायरी ४: पैसे गेल्यावर जपून ठेवायच्या गोष्टी

प्रत्येक वेळी बँकेची पावती डाउनलोड करा. त्यावर पाठवलेली रक्कम रुपयांत, कोड आणि टीसीएस दिसायला हवा. ऑनलाइन पाठवलं तर कधी कधी टीसीएस पासबुकात वेगळी नोंद म्हणून येतो. ती नोंद त्याच दिवशी शोधून ठेवा. बँकेचा टॅन, म्हणजे कर गोळा करणाऱ्याला आयकर खात्यानं दिलेला क्रमांक, विचारून घ्या. तो पुढे दोनदा लागतो.

बँक दर तिमाहीला टीसीएसचं विवरणपत्र आयकर खात्याला देते. ते दिल्याशिवाय तुमच्या खात्यावर काहीच दिसत नाही. २०२५-२६ च्या तिमाहींसाठी शेवटच्या तारखा १५ जुलै, १५ ऑक्टोबर, १५ जानेवारी आणि जानेवारी-मार्चसाठी १५ मे अशा होत्या. त्यानंतर पंधरा दिवसांत बँकेनं टीसीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 27D, द्यायचं असतं. म्हणून फेब्रुवारीत पाठवलेल्या फीचा टीसीएस एप्रिलमध्ये पोर्टलवर शोधून घाबरून जाऊ नका. मेअखेरीस बघा.

पायरी ५: नोकरदारांनी रिटर्नची वाट बघू नये

ऑक्टोबर २०२४ पासून एक सोय झाली आहे आणि अजून अनेक अकाउंट्स विभागांनाही ती नीट माहीत नाही. बँकेनं घेतलेला टीसीएस तुम्ही कंपनीला कळवला तर कंपनी तितका टीडीएस पगारातून कमी कापते. २०२५-२६ साठी हे फॉर्म 12BAA भरून कळवायचं होतं. त्यात टीसीएस घेणाऱ्याचं नाव, पत्ता, टॅन आणि रक्कम लागते. पोर्टलवर नोंद दिसेपर्यंत थांबायची गरज नसते, बँकेची पावती पुरते. नव्या आयकर कायद्याखाली, म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून, फॉर्मना नवे क्रमांक आहेत. त्यामुळे अकाउंट्सला क्रमांकाऐवजी कामच सांगा: बँकेनं घेतलेला टीसीएस माझ्या पगाराच्या टीडीएसमध्ये धरा.

टीसीएस गेला त्याच महिन्यात कळवा. मार्चमध्ये सांगितलं तर एकाच पगारातून किती कमी करणार?

ज्यांना पगार नाही पण आगाऊ कर भरावा लागतो, त्यांनी पुढचा हप्ता काढताना टीसीएस वजा करून काढावा. व्यापारी, डॉक्टर, वकील यांना रिफंडपेक्षा हाच रस्ता सोपा.

एक पूर्ण उदाहरण

साताऱ्यातले एक नोकरदार गृहस्थ, पगार वर्षाला १८ लाख, नवी करप्रणाली. मुलगी ब्रिटनमध्ये एमएससीला. वर्ष २०२५-२६, म्हणजे शिक्षणाचा दर ५ टक्के. जूनमध्ये त्यांनी ४ लाख अनामत पाठवली, सप्टेंबरमध्ये ९ लाख फी, नोव्हेंबरमध्ये भाड्याचे दीड लाख, जानेवारीत फीचे ५ लाख.

जूनला टीसीएस शून्य. सप्टेंबरमध्ये एकूण १३ लाख झाले, म्हणून वरच्या ३ लाखांवर ५ टक्के, १५,०००. नोव्हेंबरमध्ये भाड्याचे पैसे `S1301` कोडानं गेले, म्हणून दीड लाखांवर २० टक्के, ३०,०००. `S0305` असता तर ७,५०० गेले असते. जानेवारीत ५ लाखांवर २५,०००. वर्षाचा टीसीएस ७०,०००.

आता त्यांचा कर. १८ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली की १७,२५,००० उरतात. पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या चार लाखांवर २०,०००, त्यापुढच्या चारांवर ४०,०००, त्यापुढच्या चारांवर ६०,००० आणि १६ लाखांवरच्या सव्वा लाखावर २५,०००. बेरीज १,४५,०००, त्यावर ४ टक्के उपकर ५,८००, एकूण १,५०,८००. कंपनी दरमहा सुमारे १२,५६७ कापत होती.

नोव्हेंबरअखेरीस त्यांनी कंपनीला तोवरचा ४५,००० चा टीसीएस कळवला. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत जे सुमारे ५०,२६७ कापायचे होते त्यातून ४५,००० कमी झाले. म्हणजे पगार त्या चार महिन्यांत जवळजवळ पूर्ण हातात आला, आणि जानेवारीत फी भरायची होती तेव्हाच. वर्षाचा टीडीएस १,०५,८०० झाला. रिटर्नमध्ये टीडीएस आणि टीसीएस मिळून १,७५,८००, कर १,५०,८००, रिफंड २५,०००.

चुकीच्या कोडाचे जादा २२,५०० बुडाले का? नाही, तेही टीसीएसच आहेत आणि क्रेडिटमध्ये आले. पण नोव्हेंबरमध्ये ते खात्यातून गेले होते, आणि कंपनीला कळवलं नसतं तर पुढच्या उन्हाळ्याअखेरीपर्यंत गेलेलेच राहिले असते.

पायरी ६: रिटर्नमध्ये क्रेडिट मागणं

आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून `e-File > Income Tax Returns > View Form 26AS` इथे जा. तिथून आयकर खात्याच्या ट्रेसेस या साइटवर फॉर्म 26AS, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडतो. त्यात टीसीएसचा भाग वेगळा असतो, टीडीएसच्या खाली. बँकेचं नाव, टॅन, 206C ने सुरू होणारा कलमाचा कोड, तारीख आणि रक्कम आपल्या पावत्यांशी जुळवा. AIS मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीतही, पाठवलेली रक्कम दिसते. ती तुमचं उत्पन्न नाही, रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायची नाही. पण १५ लाखांचं उत्पन्न दाखवून ३० लाख परदेशी पाठवले असतील तर ते कुठून आले, याचं उत्तर तयार ठेवा: ठेव मोडली, जमीन विकली, सासऱ्यांनी दिले, जे असेल ते, कागदासह.

रिटर्नच्या फॉर्ममध्ये Schedule TCS असतो. ITR-1 आणि ITR-2 दोन्हींत आहे. पोर्टलवर बऱ्याचदा तो आधीच भरून येतो, तरी ‘या वर्षी मागितलेली रक्कम’ हा रकाना रिकामा किंवा शून्य नाही ना, हे बघा. तिथे शून्य राहिलं की बाकी सगळं बरोबर असूनही क्रेडिट मिळत नाही. शेवटी करभरणीच्या तक्त्यात टीसीएसची ओळ आणि रिफंडचा आकडा दिसला म्हणजे जमलं. बँक खातं आधी प्रमाणित करून ठेवा आणि रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करा. २०२५-२६ साठी पगारदारांची शेवटची तारीख ३१ जुलै २०२६.

26AS मध्ये नोंदच नसेल तर? आधी बँकेकडे फॉर्म 27D मागा. त्यावरचा पॅन तपासा. एक अक्षर चुकलं तरी रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाते. चूक बँकेची असेल तर विवरणपत्र दुरुस्त करणं बँकेचंच काम आहे, आयकर कार्यालयात जाऊन ते होत नाही. शाखेला लेखी द्या आणि त्यात तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक लिहा. नोंद येण्याआधी रिटर्न भरलं तर क्रेडिट नाकारून मागणीची नोटीस येऊ शकते. मुदतीत वेळ असेल तर नोंद येईपर्यंत थांबलेलं बरं.

शेती, पेन्शन आणि करपात्र उत्पन्न नसलेले

निफाडच्या द्राक्ष बागायतदारानं २०२५-२६ मध्ये मुलाच्या फीचे २२ लाख स्वतःच्या पॅनवर पाठवले, तर वरच्या १२ लाखांवर ५ टक्के, म्हणजे ६०,००० टीसीएस गेला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून ‘आपल्याला रिटर्नची भानगड नाही’ असं म्हणून हे साठ हजार सोडून देणारे लोक आहेत. ते पूर्ण परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. शिवाय वर्षाचा टीडीएस आणि टीसीएस मिळून २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठ नागरिकांना ५०,०००) झाला की उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्न बंधनकारक होतं. परदेश प्रवासावर, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या, वर्षात २ लाखांहून जास्त खर्च केला तरीही.

शेतकऱ्यांनी फॉर्म निवडताना लक्ष द्यावं. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ITR-1 चालत नाही, ITR-2 लागतो. शेतीचं उत्पन्न ५ लाखांहून जास्त असेल तर त्यात जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की कसायला घेतलेली, बागायती की जिरायती एवढं सगळं भरावं लागतं. सातबारा समोर ठेवून बसा.

रिफंड उशिरा आला तर त्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर ते १ एप्रिलपासून मोजतात. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मात्र व्याज नाही. साताऱ्याच्या गृहस्थांचे २५,००० ऑगस्टमध्ये आले तर पाच महिन्यांचे ६२५ रुपये वर मिळतील. हे व्याज करपात्र असतं, आणि ते मिळालं त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचं असतं.